लायसन्स हरवलं? आधी कागद नीट करा

नमस्कार श्रोतेहो. पाकीट हरवलं की माणसाला पैशांची आणि एटीएम कार्डाची आठवण आधी होते. लायसन्स आठवतं ते सहसा पुढच्या नाकाबंदीला. म्हणून आज दुय्यम लायसन्सबद्दल बोलू या.

समजा, नाशिकच्या उपनगरात राहणारे एक गृहस्थ रोज दुचाकीने सिन्नरच्या एमआयडीसीत जातात. संध्याकाळी घरी आल्यावर कळलं, खिशात पाकीट नाही. कुठे पडलं ठाऊक नाही. आता त्यांना पोलीस ठाण्यात सांगायचं आहे, पण काय सांगायचं? पाकीट पडलं असेल तर ती गहाळ झाल्याची नोंद. कुणी खिसा मारला असेल तर ती चोरी, आणि चोरीचा गुन्हा नोंदवायचा असतो. काही लोक पडलेल्या पाकिटालाही ‘चोरी’ म्हणतात, वजन येतं म्हणून. तसं करू नका. आरटीओला लायसन्स हरवल्याचा कागद हवा असतो आणि त्यासाठी गहाळ नोंद पुरते.

ही नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही करता येते. ठाण्यात करा की मोबाइलवर, एक गोष्ट मात्र बघाच. तक्रारीत नुसतं ‘पाकीट व कागदपत्रे’ असं लिहू नका. लायसन्सचा पूर्ण क्रमांक, एमएच १५ पासून सुरू होणारा, आणि लायसन्सवर आहे तस्संच नाव त्यात यायला हवं. अर्ज अडकतो तो बहुतेक इथेच. कागदावर आधारवरचं नाव असतं आणि लायसन्सवर वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर.

क्रमांकच आठवत नसेल तर? डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये लायसन्स आधी घेतलं असेल, तर तिथे सापडतो. जुनी पुस्तिका असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांची नोंद संगणकात चढलीच नसेल, तर ऑनलाइन अर्जात माहिती येणार नाही. मग आधी पेठ रोडच्या आरटीओत जाऊन ती नोंद चढवून घ्यावी लागते. आणि लायसन्स मालेगावचं, म्हणजे एमएच ४१ असेल, तर ते कार्यालय वेगळं.

लायसन्स हरवलेलं नसून तुटलंय किंवा अक्षरं पुसली गेलीत, तर पोलिसांच्या दारात जायचं कारण नाही. ते तुटकं कार्डच तुमचा पुरावा. ते फेकू नका, कार्यालयात जमा करायचं असतं.

आता अर्ज. sarathi.parivahan.gov.in उघडा, महाराष्ट्र निवडा, लायसन्सच्या सेवांमध्ये जा. मिळत्याजुळत्या नावाच्या खासगी साइट बऱ्याच आहेत. शेवटी gov.in आहे ना, एवढं पाहा. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीने ओळख पटते आणि हे काम कार्यालयात न जाता होतं. तसं नसेल तर पोलिसांचा कागद, ओळख आणि पत्त्याचे पुरावे, पासपोर्ट आकाराचे अलीकडचे फोटो घेऊन जावं लागतं. फोटो साध्या पार्श्वभूमीचा, चेहरा स्पष्ट दिसणारा. लग्नाच्या अल्बममधून कापलेला नको.

शुल्क काही शे रुपये असतं, नेमका आकडा भरण्याआधी पडद्यावर येतो. एक खबरदारी घ्या. खात्यातून पैसे गेले आणि पावती आली नाही, तर घाईने पुन्हा भरू नका. आधी तिथेच अर्ज क्रमांक टाकून पेमेंटची स्थिती तपासा.

आपल्या गृहस्थांचं लायसन्स चार महिन्यांत संपणार होतं, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. दुय्यम प्रतीची मुदत मूळ लायसन्सइतकीच असते, ती वाढत नाही. म्हणजे नवं कार्ड हातात येतं न येतं तोच पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून नूतनीकरण करता येतं, तेव्हा दोन्ही सेवा एकाच अर्जात निवडाव्यात. नूतनीकरणाचं केंद्रीय नियमातलं शुल्क २०० रुपये आहे. चाळिशी ओलांडलेल्यांना त्यासाठी डॉक्टरांचं नमुना १-अ प्रमाणपत्रही लागतं.

कार्ड स्पीड पोस्टाने पत्त्यावर येतं. घर बदललं असेल तर त्याच वेळी पत्ताही बदलून घ्या, नाहीतर टपाल परत जातं. कार्ड येईपर्यंत गाडी चालवायची तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधलं लायसन्स चालतं. २०१८ च्या नियमबदलापासून ते कागदी प्रतीइतकंच ग्राह्य आहे. पण ॲप उघडून दाखवा, स्क्रीनशॉट नको.

आणि महिनाभराने जुनं पाकीट गाडीच्या सीटखालीच सापडलं, तर जुनं कार्ड खिशात घालून फिरू नका. ते आरटीओत जमा करा आणि जमा केल्याची पोच घ्या.