बटणाखालची राखाडी ओळ

(दृश्य: मोबाइलचा पडदा, अगदी जवळून. मोठं हिरवं बटण: "७ दिवस मोफत सुरू करा". खाली बारीक राखाडी अक्षरं.)

जून महिना. शाळा उघडायला चार-पाच दिवस राहिलेत. पुस्तकांना कव्हरं घालून झालीत आणि घराघरांत पालकांच्या मोबाइलवर शिकवणीच्या अ‍ॅपची जाहिरात येते आहे. सात दिवस मोफत. अंगठा हिरव्या बटणावर जातो. त्या बटणाच्या खाली एक मजकूर असतो, तो फारसं कुणी वाचत नाही. ही फिल्म त्या मजकुराची आहे.

तो लिहिणारी बाई पुण्यात राहते. शिकवणीच्या एका अ‍ॅपचं सगळं मराठी तिच्या हातून जातं. तिच्या इच्छेनुसार तिचं आणि अ‍ॅपचं नाव आम्ही घेत नाही. त्या दिवशी तिच्यासमोर बटणाखालचा जुना मजकूर होता. तो असा:

"चाचणी कालावधी समाप्त झाल्यानंतर आपली सदस्यता स्वयंचलितपणे नूतनीकृत केली जाईल. आपला अनुभव सुधारण्यासाठी माहिती संकलित केली जाऊ शकते. अटी लागू."

एकही शब्द चुकीचा नाही. तरी ती हा मजकूर घेऊन शेजारी गेली. शेजारच्या ताईंचा मुलगा सातवीत आहे आणि असं अ‍ॅप घ्यायचं त्यांच्या मनात होतं. ताईंनी मजकूर दोनदा वाचला.

"नूतनीकृत म्हणजे? पैसे कापणार का?"

"हो, कापणार."

"मग तसंच लिहा ना. किती कापणार, कधी कापणार, ते लिहा."

(दृश्य: वही. तिच्या हातची ओळ, खोडलेले शब्द.)

ताईंचं हे वाक्य तिने वहीत उतरवून घेतलं आणि तिथूनच कामाला सुरुवात केली. "नूतनीकृत" खोडलं, "पैसे कापले जातील" लिहिलं. बँकेत, बसमध्ये, घरात आपण पैशांबद्दल असंच बोलतो. पुढचा प्रश्न "कधी" चा होता आणि तो वाटला त्यापेक्षा अवघड निघाला.

समजा, ताईंनी १० जूनला रात्री ९:४० वाजता बटण दाबलं. सात दिवस कधी संपतात? आपण मोजतो तेव्हा १० तारीख हा पहिला दिवस धरतो आणि १६ तारखेवर थांबतो. अ‍ॅपची यंत्रणा तास मोजते. सात दिवस म्हणजे १६८ तास, म्हणून तिच्या लेखी मुदत १७ जूनला रात्री ९:४० ला संपते. या वेळी फरक ताईंच्या फायद्याचा आहे. पण मोजणी आणखी वेगळी असती, तर ज्याला अजून एक दिवस हातात आहे असं वाटत होतं, त्याच्या खात्यातून पैसे गेलेले असते. म्हणून "७ दिवसांनी" हे शब्द तिने मजकुरातून काढून टाकले. जो बटण बघतो आहे, त्याच्यासाठी तारीख मोजून तीच पडद्यावर दाखवायची, असं तिने ठरवलं. हे काम प्रोग्रॅमरचं. त्याला ते करायला अर्धा दिवस लागला.

त्यानंतर ऑटोपेचा विषय निघाला. मोफत ट्रायल सुरू करताना हे अ‍ॅप यूपीआयची ऑटोपे परवानगी घेतं. ताईंना दाखवलेल्या पडद्यावर महिन्याचे ३९९ रुपये होते आणि त्याखाली कमाल मर्यादेच्या जागी ५,००० लिहिलं होतं. हा आकडा नीट बघण्यासारखा आहे. ३९९ ही आजची किंमत. ५,००० म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती कापायची परवानगी तुम्ही देता, ती रक्कम. पिन टाकला की दुसऱ्या आकड्यालाही तुम्ही हो म्हणालात. लेखिकेने विचारलं, ही मर्यादा इतकी मोठी कशाला? कुणापाशीही पटेल असं कारण नव्हतं. मर्यादा ३९९ वर आली.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे आपोआप कापले जाणारे पैसे जाण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना मिळायला हवी, आणि त्या सूचनेतूनच नाही म्हणायची सोय हवी. तो मेसेज येतो. पण दिवसभरात येणाऱ्या चाळीस मेसेजांमध्ये तो कुठे जातो, हे आपण सगळे जाणतो. म्हणून बटणाखालच्या मजकुरातच शेवटची तारीख हवी, आणि ती एक दिवस आधीची हवी.

इथे आमचं मत सांगतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अ‍ॅप आणि वेबसाइटवरच्या फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १३ प्रकार नोंदवलेले आहेत आणि त्यांतला एक सबस्क्रिप्शनच्या सापळ्याचा. रद्द करण्याची वाट लपवणं त्यात येतं. मोफत सेवेसाठी पैशांची माहिती किंवा ऑटोपेची परवानगी द्यायला भाग पाडणं हेही त्यात येतं. सात दिवस खरोखर मोफत असतील तर ऑटोपे आठव्या दिवशी मागावा. लेखिकेने हे कंपनीत लेखी मांडलं. आम्ही चित्रण केलं तोपर्यंत निर्णय झालेला नव्हता. तोवर मजकूर खरा असावा, एवढं तिच्या हातात होतं.

(दृश्य: गणिताच्या वहीचा फोटो, अ‍ॅपमध्ये अपलोड होताना.)

आता दुसरं वाक्य. "माहिती संकलित केली जाऊ शकते." कोण घेतंय, काय घेतंय, कशासाठी घेतंय, यातलं काहीच त्यात नाही. तिने "आम्ही घेतो" असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली, आणि त्या मोकळ्या जागेत काय येतं ते विचारत टीममधल्या एकेकाकडे फिरली.

नाव, इयत्ता, बोर्ड. हे अपेक्षित होतं. पालकांचा मोबाइल नंबर. तो कशासाठी? ओटीपीसाठी. फक्त ओटीपीसाठी? थोडं थांबून उत्तर आलं: विक्री विभागही त्यावर फोन करतो. ज्यांनी असे फोन झेललेत त्यांना या उत्तराचं वजन कळेल. ओटीपीसाठी दिलेला नंबर विक्रीसाठी वापरायचा तर तसं वेगळं विचारायला हवं आणि त्यासाठी वेगळी चौकट हवी, आधीपासून टिक न केलेली. ती चौकट आली.

मुलाने सोडवलेली उत्तरं आणि प्रत्येक प्रश्नाला लागलेला वेळ. हेही घेतलं जातं, कारण पुढचा प्रश्न सोपा द्यायचा की अवघड, ते त्यावरून ठरतं. हे कारण सांगता येतं, म्हणून ते मजकुरात लिहिलं.

मग फोटो. अडलेल्या गणिताचा फोटो काढून पाठवला की शिक्षक उत्तर देतात. चाचणीसाठी ताईंच्या मुलाने एक फोटो पाठवला होता. लसावि काढायचं गणित. पण त्या फोटोत वहीच्या लेबलवर मुलाचं पूर्ण नाव, शाळा आणि तुकडी होती. कोपऱ्यात विजेचं बिल होतं, त्यावरचा ग्राहक क्रमांक वाचता येत होता. फोटोच्या कडेला धाकट्या बहिणीचा अर्धा चेहरा आला होता. गणित विचारताना मुलाने घराची एवढी ओळख देऊन टाकली होती, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"हे फोटो किती दिवस ठेवतो आपण?" लेखिकेने विचारलं. उत्तर कुणाकडेच नव्हतं. कारण ते कधी पुसायचे हे कुणी ठरवलंच नव्हतं. ते साठत होते. मजकुरात एक ओळ लिहायची म्हणून विचारलेल्या प्रश्नावरून नियम झाला: उत्तर दिल्यानंतर ९० दिवसांनी फोटो पुसले जातील. शिवाय फोटो काढायच्या पडद्यावर एक सूचना आली: "फक्त गणित दिसेल असा फोटो काढा."

भारताचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि सूचना व संमतीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. कोणती माहिती आणि कशासाठी घेतो, हे माणसाला आधी सांगायचं. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत ती सूचना वाचायची सोय द्यायची, म्हणजे मराठीतही आणि कोंकणीतही. अठराच्या खालच्या मुलाची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळलेली संमती घ्यायची. आणि संमती मागे घेणं, ती देण्याइतकंच सोपं ठेवायचं.

(दृश्य: दोन मोबाइल शेजारी शेजारी. एकावर ट्रायल सुरू होते आहे, दुसऱ्यावर रद्द होते आहे.)

हे शेवटचं आम्ही मोजून पाहिलं. सुरू करायला बटण, ऑटोपेचा पडदा आणि पिन, एवढंच. रद्द करायला गुगल प्ले उघडायचं, वर उजवीकडचा गोल दाबायचा, `Payments & subscriptions` मध्ये जायचं, मग `Subscriptions`, मग अ‍ॅपचं नाव, मग `Cancel subscription`, मग कारण, मग पुन्हा खात्री. ज्यांना ही वाट ठाऊक नाही त्यांनी काय केलं असतं, हे ताईंनी करून दाखवलं. त्यांनी अ‍ॅपच्या चित्रावर बोट दाबून धरलं आणि ते फोनवरून काढून टाकलं.

"झालं बंद," त्या म्हणाल्या.

झालं नव्हतं. अ‍ॅप काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही, पैसे ठरल्या तारखेला जातातच. सबस्क्रिप्शन रद्द केल्याने पैसे थांबतात, पण मुलाची माहिती कंपनीकडे राहते. ती पुसायला खातं काढून टाकावं लागतं. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि रोजच्या बोलण्यात आपण तिन्हींना "बंद करणं" म्हणतो. म्हणून "बंद करा" हा शब्द लेखिकेने मजकुरात कुठेही येऊ दिला नाही. अ‍ॅपच्या प्रोफाइलमध्ये "रद्द करा" असं बटण बसवून घेतलं, ते गुगल प्लेच्या नेमक्या पानावर नेतं. आठ पायऱ्या होत्या, त्या कमी झाल्या.

मजकूर तयार झाला. ताईंच्या पडद्यावर तो असा दिसला:

"आज पैसे कापले जाणार नाहीत. १७ जूनला रात्री ९:४० नंतर ३९९ रुपये कापले जातील, आणि पुढे दर महिन्याला. नको असेल तर १६ जूनपर्यंत रद्द करा: प्रोफाइल, सबस्क्रिप्शन, रद्द करा. अ‍ॅप फोनवरून काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही.

आम्ही घेतो: मुलाचं नाव, इयत्ता, बोर्ड, पालकांचा मोबाइल नंबर, उत्तरं व त्यांना लागलेला वेळ, आणि शंकेचे फोटो. उत्तरांवरून पुढचे प्रश्न ठरतात. फोटो ९० दिवसांनी पुसतो. तुम्ही हो म्हटल्याशिवाय विक्रीचा फोन करणार नाही. सगळी माहिती पुसायची असेल तर: प्रोफाइल, खातं काढून टाका."

अक्षरं राखाडी होती, ती काळी केली. आकारही बटणावरच्या अक्षरांच्या जवळ आणला. मजकूर मोठा झाला म्हणून डिझायनरने तक्रार केली, आणि मजकुराला जागा करायला बटण थोडं वर सरकलं.

ताईंनी या वेळी एकदाच वाचला. मग विचारलं, "आजच रद्द करून ठेवलं तर उद्या पोराला शिकता येईल का? की लगेच बंद?"

येतं. आज रद्द केलं तरी १७ तारखेपर्यंत सगळे धडे उघडे राहतात. पण हे मजकुरात कुठेच नव्हतं. आणि हे ठाऊक नसल्यामुळेच माणसं शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात आणि मग विसरतात.

लेखिकेने तिथेच, ताईंच्या ओट्यापाशी उभं राहून, पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी ओळ जोडली: "आज रद्द केलं तरी १७ जूनपर्यंत शिकता येईल."