कुटुंबाच्या प्रवासाचा खरा खर्च : डोंबिवली ते पणजी

मंडळी, आज एकच कुटुंब घेऊ. आई, बाबा, नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. डोंबिवलीहून पणजीला जायचंय. रेल्वे, बस आणि विमान, तिन्हींचा हिशेब घराच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत करायचा, तोही फक्त जाण्याचा. भाड्याचे आकडे मी उदाहरणासाठी धरतोय. तुम्ही त्या दिवशीचे घाला. रीत मात्र हीच ठेवा.

सुरुवात तिकिटांच्या संख्येपासून करा, भाड्यापासून नको. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण बर्थही मिळत नाही. पाच ते बारा वर्षांच्या आतल्या मुलाला बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं, नको असेल तर अर्धं. म्हणजे आपल्याला तीन बर्थ लागले. धाकटा आईजवळ झोपेल. विमानात मूल दोन वर्षांचं झालं की त्याला स्वतंत्र सीट आणि जवळजवळ मोठ्यांइतकंच भाडं. तिथे चार तिकिटं. खासगी बसमध्ये प्रत्येकाचा नियम वेगळा, तेव्हा बुकिंगआधी फोन करून विचारा. बसमध्ये चढताना चौथ्या बर्थवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता बेरीज. थर्ड एसीचा बर्थ ११५० रुपये धरला तर तीन बर्थचे ३४५०. आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क एसीला ३० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे साधारण ३५, आणि ते माणशी नाही, तिकिटामागे एकदाच. ठाणे स्टेशनापर्यंत गाडी ४००, करमळीहून पणजीला टॅक्सी ५००. एकूण ४३८५.

एसी स्लीपर बस १४०० रुपये, तीन बर्थचे ४२००. ठाण्याच्या थांब्यापर्यंत ४००, पणजीच्या स्टँडवरून हॉटेलला २००. झाले ४८००. बस स्वस्त असं आपण धरून चालतो, पण इथे ती रेल्वेपेक्षा महाग पडली. दिवाळी-नाताळात खासगी बसचं भाडं आणखी चढतं. साध्या मेल-एक्सप्रेसचं तसं चढत नाही. थर्ड एसीच्या तात्काळलाही बर्थमागे जास्तीत जास्त ४०० रुपयेच वाढतात. प्रीमियम तात्काळ मात्र वेगळं; तिथे भाडं मागणीप्रमाणे वाढत जातं.

विमानाचं तिकीट ३५०० धरू. चौघांचे १४०००. बऱ्याच बुकिंग साइटवर सुविधा शुल्क माणशी लागतं; ३०० धरले तर १२००. घर ते मुंबई विमानतळ टॅक्सी १२००, गोव्यातल्या मोपा विमानतळाहून पणजी १५००. एकूण १७९००.

लोक विमानतळाच्या टॅक्सीला दोष देतात. पण टॅक्सी गाडीमागे लागते, तिकीट डोक्यामागे. एकट्या माणसाच्या ६५०० रुपयांत टॅक्सीचे २७०० असतात, म्हणजे ४० टक्क्यांच्या वर. चौघांच्या १७९०० मध्ये तेच २७०० जेमतेम १५ टक्के. कुटुंबाला महाग पडतो तो धाकटा : रेल्वेत फुकट, विमानात शुल्कासह ३८००.

टॅक्सीचा फटका बसतो तो चुकीचा विमानतळ निवडल्यावर. गोव्यात दोन आहेत : उत्तरेला मोपा, दक्षिणेला दाबोळी. मोपा पणजीपासून सुमारे ३५ किलोमीटर. हॉटेल मडगावजवळ असेल तर मोपाहून अंतर साठाच्या पुढे जातं. स्वस्त तिकिटाची बचत रस्त्यातच संपते.

आता सामान. थर्ड एसीत मोठ्यांना माणशी ४० किलो मोफत, म्हणून तिकडे चिंता नाही. देशांतर्गत विमानात साधारण माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात. चौघांचे मिळून ६० किलो होतात, पण ही बेरीज एकाच पीएनआरवर धरता येते. तिकिटं दोनदा काढली आणि बाबांच्या पीएनआरवरची बॅग २० किलोची निघाली, तर आईचे शिल्लक किलो काउंटरवर सहसा कामी येत नाहीत. काही कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त भाड्यात चेक-इन बॅगच नसते. ते कळतं उशिरा, काउंटरवर, जिथे किलोचा दर ऑनलाइन आधी घेतलेल्यापेक्षा बराच जास्त असतो. परतीला काजू आणि कोकम येणार, हे घरूनच गृहीत धरा. बॅग घरच्या काट्यावर तोला : आधी स्वतः उभे राहा, मग बॅग घेऊन, आणि वजाबाकी करा.

शेवटची नोंद हॉटेलची. रात्रीची गाडी किंवा बस घेतली तर झोप वाटेतच होते. संध्याकाळच्या विमानाने पोहोचलात तर त्या रात्रीची खोली विमानाच्या खात्यात लिहा. पहाटेचं विमान असेल तर खोली वाचते, पण डोंबिवलीहून रात्री अडीच-तीनला निघावं लागतं, आणि चार वर्षांच्या मुलाला तेव्हा उठवायचं कोणी, हे घरात आधी ठरवा.