तीन दिव्यांची तबकडी आणि चोवीस क्रिया

नमस्कार. आज एकच छोटा गट उलगडून पाहू. दोन कोटीचा चक्रीय गट आणि तीन कोटीचा चक्रीय गट यांचा रीथ प्रॉडक्ट. कोटी म्हणजे गटात घटक किती, ती संख्या. व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी एक यंत्र डोळ्यांसमोर आणा.

एक गोल तबकडी आहे. तिच्यावर सारख्या अंतरावर लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे. तबकडीखालच्या मेजावर तीन जागा आखल्या आहेत: १, २ आणि ३. सुरुवातीला लाल दिवा जागा १ वर, हिरवा २ वर, निळा ३ वर आणि सगळे बंद. तुम्हाला दोनच गोष्टी करता येतात. एखाद्या जागेवरचं बटण दाबलं, की तिथे त्या वेळी असलेला दिवा पेटलेला असेल तर विझतो, विझलेला असेल तर पेटतो. किंवा तबकडी एक घर पुढे सरकवायची: १ वरचा दिवा २ वर, २ वरचा ३ वर, ३ वरचा १ वर. या सरकवण्याला ‘फ’ म्हणू.

प्रत्येक बटण स्वतंत्रपणे दोन कोटीचा गट आहे, कारण दोनदा दाबलं की काहीच न केल्यासारखं होतं. ‘फ’ तीन कोटीचा. आता किती वेगवेगळ्या क्रिया शक्य आहेत? तबकडीच्या स्थिती ३. प्रत्येक स्थितीत तीन दिव्यांच्या चालू-बंद अवस्था २ × २ × २, म्हणजे ८. आठ त्रिक चोवीस. इथे ‘प्रॉडक्ट’ या शब्दामुळे बरेच जण २ × ३ = ६ लिहितात. पण दोन कोटीच्या गटाची एक प्रत पुरत नाही, फिरणाऱ्या प्रत्येक जागेसाठी एकेक प्रत लागते. म्हणून दोनाचा घन, गुणिले तीन. गटांची अदलाबदल केली तर उत्तरही बदलतं: दोन दिवे, प्रत्येकाच्या तीन अवस्था आणि फक्त अदलाबदलीची सोय असेल, तर ३ × ३ × २ = १८.

कोणती बटणं दाबली ते शून्य-एकच्या तीन अंकांनी लिहू. १०० म्हणजे फक्त जागा १ चं बटण, ११० म्हणजे १ आणि २ ची. (१००, फ) असं लिहिलं, की आधी तबकडी एक घर फिरवायची आणि मग जागा १ चं बटण दाबायचं. बटणांचा आपापसांतला क्रम कसाही असला तरी चालतो. फिरवणं मध्ये आलं की चालत नाही. आधी जागा १ चं बटण दाबा आणि मग फिरवा: पेटलेला लाल दिवा जागा २ वर गेला. म्हणजे ही क्रिया (०१०, फ) झाली, (१००, फ) नव्हे. ‘फ’ पलीकडे जाताना १०० ला ०१० करून जातो. या गटातली सगळी गुंतागुंत एवढ्या एका नियमात आहे.

आता (१००, फ) तीनदा करून पाहू, कारण गटाची खरी रचना इथेच दिसते. पहिल्यांदा फिरवलं: निळा जागा १ वर आला, बटण दाबलं, निळा पेटला. दुसऱ्यांदा फिरवलं: हिरवा आला, पेटला. तिसऱ्यांदा लाल आला, पेटला. तबकडी मूळ जागी परतली, पण तिन्ही दिवे चालू आहेत. म्हणजे या क्रियेचा घन १११ आहे. मूळ अवस्थेला यायला आणखी तीनदा करावं लागेल, म्हणून हिची कोटी सहा. एखाद्या क्रियेची कोटी म्हणजे ती किमान किती वेळा केली की सगळं मूळ अवस्थेला येतं, ती संख्या. आता (११०, फ) घ्या. तीन फेऱ्यांत प्रत्येक दिवा तिन्ही जागांवरून एकेकदा जातो, म्हणजे तो दोनदा दाबला जातो आणि होता तसाच राहतो. हिची कोटी तीन. कागदावर लांबलचक गुणाकार मांडायची गरजच उरत नाही: फिरवण्यासोबत दाबलेल्या बटणांची संख्या सम असेल तर कोटी तीन, विषम असेल तर सहा.

त्यावरून पूर्ण शिरगणती होते. काहीच न करणं, ही एक क्रिया. फिरवण्याविना नुसती बटणं, अशा सात, सगळ्यांची कोटी दोन. फिरवण्यासहित सोळा, त्यांपैकी आठ तीन कोटीच्या, आठ सहा कोटीच्या.

चोवीस आकडा दिसला की चार वस्तूंच्या सगळ्या अदलाबदलींचा गट, S₄, पटकन आठवतो. वर्गात हे उत्तर मला अनेकदा मिळालं आहे. कोटी सारखी असली म्हणजे गट सारखा, असं होत नाही. S₄ मध्ये चार कोटीचे सहा घटक आहेत आणि सहा कोटीचा एकही नाही. आपल्या गटात नेमकं उलट. शिवाय आपल्याकडे १११ आहे: तिन्ही बटणं दाबून मग काहीही करा, किंवा काहीही करून मग तिन्ही दाबा, फरक पडत नाही. S₄ मध्ये अविकारकाखेरीज, म्हणजे काहीच न करण्याखेरीज, असा घटकच नाही.

मग हा गट आहे तरी कोणता? सम संख्येने बटणं दाबण्याचेच प्रकार घ्या: ०००, ११०, ०११, १०१. या चार नमुन्यांवर क्रिया कशी होते ते बघा. ‘फ’ ०००ला हलवत नाही आणि उरलेल्या तिघांना चक्रात फिरवतो. ११० मिळवलं की ००० आणि ११० जागा बदलतात, ०११ आणि १०१ जागा बदलतात. दोन्ही सम अदलाबदली. सम बटणं आणि फिरवणं मिळून ज्या बारा क्रिया होतात, त्या चार वस्तूंच्या बारा सम अदलाबदलींशी, म्हणजे A₄ शी, तंतोतंत जुळतात. उरला १११. तीन विषम असल्यामुळे १११ त्या सम कुटुंबात नाही. कोणताही विषम नमुना म्हणजे एक सम नमुना अधिक १११, आणि तेही एकाच प्रकारे: १०० म्हणजे ०११ अधिक १११. म्हणून अख्खा गट दोन स्वतंत्र भागांत सुटतो: A₄ आणि १११ चा दोन कोटीचा चक्रीय गट C₂, म्हणजे A₄ × C₂.

दिवे दोनच असते तर ही युक्ती कोसळली असती. तिथे सगळी बटणं दाबणं म्हणजे ११, आणि ते स्वतःच सम आहे, त्यामुळे वेगळं काढता येत नाही. तो आठ कोटीचा गट चौरसाच्या सममितींचा गट आहे आणि तो असा दोन तुकड्यांत फुटत नाही.

शेवटी हातात धरता येईल अशी एक वस्तू. नेहमीचा व्हॉलीबॉल घ्या. त्यावर सहा बाजू, प्रत्येक बाजूवर तीन समांतर पट्ट्या आणि शेजारच्या बाजूंच्या पट्ट्या एकमेकींना काटकोनात. चेंडूच्या मध्यातून तीन परस्परलंब अक्ष कल्पा. एका अक्षाची दिशा उलटवणं, म्हणजे आरशातलं प्रतिबिंब, हे आपलं एक बटण. तिन्ही अक्ष एकमेकांच्या जागी चक्राकार नेणं म्हणजे ‘फ’. नक्षी दोन्हींत जशीच्या तशी राहते. १११ म्हणजे प्रत्येक बिंदू केंद्रापलीकडे बरोबर समोर नेणं. आता चेंडू एका अक्षाभोवती पाव वळणाने फिरवा: वरच्या बाजूच्या पट्ट्या आडव्यांच्या उभ्या होतात आणि नक्षी मोडते. चार कोटीचा घटक या गटात का नाही, ते बोटांखाली कळतं.