एक पॉइंट सुटला आणि 2,250 चे झाले 22,500

नमस्कार मंडळी. पगारपत्रकात दशांश चिन्ह सरकलं तर ते सापडतं कसं, हे आज एका गोष्टीतून बघू. गोष्ट मी रचलेली आहे, पण त्यातले दर आणि नियम त्या वेळचे खरे आहेत.

तर चाकणच्या एमआयडीसीतला एक कारखाना, 212 कामगार. 5 एप्रिल 2024, शुक्रवार, दुपारचे साडेतीन. मार्चचा पगार व्हायचाय. कायद्याने 7 तारखेच्या आत तो द्यायलाच हवा, आणि मंगळवारी गुढीपाडवा, त्यामुळे सकाळपासून पेरोलच्या खिडकीशी "आज पडतोय ना?" चालू आहे. बँकेची फाइल पोर्टलवर अपलोड झालीय. आता फक्त फायनान्सच्या साहेबांनी ॲप्रूव्ह करायचं बाकी. ते मीटिंगमध्ये आहेत.

सायली इथे इंटर्न. तिला काम दिलंय पगारपत्रकाची प्रिंट फाइलला लावायचं. खरं तर वाचायचंही नाहीये. पण पंच करताना तिची नजर ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या कपातीच्या, रकान्यावरून खाली सरकते. 121, 134, 140, 158, 129... आणि मध्येच 310.

[स्क्रीनवर: रकाना, 310 वर गोल]

आता 310 डोळ्यात का खुपावा? कामगाराकडून ईएसआय कापतात 0.75 टक्के. या योजनेत येण्यासाठी पगाराची मर्यादा महिना 21,000 रुपये. 21,000 चे 0.75 टक्के म्हणजे 157 रुपये 50 पैसे, आणि ईएसआयमध्ये पैसे आले की पुढचा रुपया धरतात, म्हणून 158. साधारण हा या रकान्याचा माथा. त्याच्या वर आकडा जाऊ शकतो, कारण मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नव्हते, पण वर्गणी मात्र ओव्हरटाइमवरही कापत होते. शिवाय सहामाहीच्या मध्येच पगारवाढ मिळाली तरी सहामाही संपेपर्यंत कपात चालूच राहते. म्हणून 175, 190 दिसले तर घाबरायचं कारण नाही. पण 310 म्हणजे मिळकत 41 हजारांच्या पुढे!

सायली ओळ पूर्ण वाचते. टोकन नंबर 117, बेसिक आणि डीए मिळून 18,720. ओव्हरटाइम 125 तास. रक्कम 22,500.

हिशेब करून बघू. 18,720 भागिले 26 दिवस, म्हणजे रोजचे 720. आठ तासांनी भागलं की तासाला 90. ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे 180. 125 गुणिले 180, बरोबर 22,500. गुणाकारात काहीच चूक नाही, आणि म्हणूनच सॉफ्टवेअर गप्प बसलं. पण मार्चमध्ये रविवार सोडून दिवस 26. हा माणूस रोज जवळजवळ पाच तास जास्त थांबला असं होतं!

तुम्ही म्हणाल, इतक्या तपासण्या असतात, त्यात कसं नाही आलं? पेरोल बघणाऱ्या मॅडमनी एकूण पगाराची मागच्या महिन्याशी तुलना केली होती. एकूण रक्कम 48 लाखांच्या आसपास, आणि दोन टक्क्यांच्या आतला फरक त्या सोडून देतात. ही चूक 20,250 ची, म्हणजे अर्धा टक्काही नाही. त्यात मार्चएंडला ओव्हरटाइम वाढतोच, सगळ्यांनी ते गृहीत धरलेलं. पीएफची बेरीजही जुळली, कारण पीएफ ओव्हरटाइमवर कापत नाहीत. माझं मत विचाराल तर एकूण रकमेची तुलना करून निश्चिंत होणं ही पेरोलमधली सगळ्यात महागडी सवय आहे. एका माणसाची चूक दोनशे माणसांच्या बेरजेत सहज लपते.

आता सायलीची पुढची चाल बघा, ही मला फार आवडते. ती टाइम ऑफिसचा ओव्हरटाइमचा तक्ता मागवते आणि नुसती तासांची बेरीज करते. तक्त्यात 486.5. पगारपत्रकात 599. फरक 112.5. याला ती 9 ने भागते. उत्तर 12.5.

हे 9 कुठून आलं? दशांश चिन्ह एक घर उजवीकडे गेलं की आकडा दसपट होतो. दसपटीतून मूळ आकडा वजा केला की उरते नऊपट. म्हणून फरकाला 9 ने भागलं की मूळ आकडा हातात येतो. जुने अकाउंटंट हे तोंडी करायचे. दोन घरं सरकलं असेल तर 99 ने भागायचं. मात्र एक लक्षात ठेवा: 72 च्या जागी 27 लिहिलं, म्हणजे अंकांची अदलाबदल झाली, तरी फरक 45 येतो आणि त्यालाही 9 ने भाग जातो. आणि दोन चुका एकाच वेळी झाल्या असतील तर ही युक्ती हात टेकते. म्हणून भागाकारातून मिळतो तो फक्त संशय, पुरावा मूळ कागदातच शोधावा लागतो.

तो कागद असा: रेघी वही, निळं बॉलपेन, 117 समोर 12.5 लिहिलेलं, आणि पॉइंट नेमका छापील रेघेवर पडलेला. एंट्री करणाऱ्याला तो दिसलाच नाही.

सायली मॅडमकडे जाते. "मॅडम, 117 चा ओव्हरटाइम 125 पडलाय, वहीत साडेबारा वाटतोय."

मॅडम वही जवळ घेऊन बघतात. "वाटतोय नको. साडेबारा तास की बारा तास पन्नास मिनिटं? ते लोक दोन्ही असंच लिहितात. हजेरीच्या मशीनचं पंचिंग काढ."

पंचिंगमध्ये निघाले 12 तास 30 मिनिटं. म्हणजे 2,250 रुपये.

शेजारचा अकाउंटंट म्हणतो, "बँकेच्या फाइलमध्ये तेवढी एक रक्कम बदल ना, दोन मिनिटांचं काम." हे कधीही करू नका! सगळ्या कपाती जाऊन बँकेत 18,812 गेले आणि पगाराच्या स्लिपवर 38,910 राहिले, तर ईएसआयचं चलनही 41,220 च्या मिळकतीवर भरलं जाईल आणि तिन्ही कागद एकमेकांशी भांडत बसतील. मॅडमनी बॅच रद्द करवली, मूळ एंट्री सुधारली, पगारपत्रक पुन्हा चालवलं आणि नवी फाइल काढली.

नवी फाइल बरोबर आहे हे कसं कळणार? ओव्हरटाइम 20,250 ने कमी झाला. ईएसआय 310 चा 158 झाला, म्हणजे कपात 152 ने घटली. बाकी काही हललं नाही. म्हणून फाइलची एकूण रक्कम बरोबर 20,098 नेच कमी व्हायला हवी. झाली. एक रुपया इकडेतिकडे असता तर आणखी काहीतरी बदललंय असा अर्थ होता.

आणि पैसे गेले असते तर? जास्त दिलेला पगार कापून घेता येतो, पण एका महिन्यातल्या सगळ्या कपाती मिळून साधारण निम्म्या पगारापेक्षा जास्त करता येत नाहीत. पीएफ वगैरे धरून 117 च्या पगारातून ही वसुली किमान तीन महिने चालली असती. आणि ते पैसे त्याने पाडव्याला खर्च केले असते तर त्यात त्याची काय चूक?

साहेबांनी सव्वापाचला ॲप्रूव्ह केलं. एप्रिलपासून मॅडमच्या शीटच्या शेवटी दोन नवीन ओळी आल्या: टाइम ऑफिसच्या तासांची बेरीज आणि पगारपत्रकातल्या तासांची बेरीज. दोन्ही जुळल्याशिवाय बँकेची फाइल काढायची नाही. तुमच्याकडे ओव्हरटाइमचे तास कोण आणि कशावरून भरतं, ते खाली लिहा. पुढच्या व्हिडिओत 12.50 आणि 12:50 चा घोळ घेऊ.