चुकीचा पर्याय कुठे चुकतो?

(सांगलीत फौजदारी कायदा शिकवणाऱ्या प्राध्यापकांसमोर केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मित्रहो, न्यायदंडाधिकारी पदाची पूर्वपरीक्षा बहुपर्यायी असते, म्हणून आपल्या कॉलेजांतही चाचण्या तशाच काढायची पद्धत पडली आहे. त्या चाचण्यांतले खुनाचे प्रश्न पाहिले की एक गोष्ट जाणवते. आरोपीच्या मनात काय होतं, हे न वाचताही त्यांतले बरेचसे सुटतात. कोयता आला की खून, ट्रॅक्टर आला की हयगय. पोरांना हत्यारावरून कलम ओळखता येतं. मग आपण तपासलं काय? आज एकच प्रश्न घेऊन बसू या आणि त्याचे चारही पर्याय नीट बांधू या.

प्रसंग आपल्याच भागातला घेऊ. "पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून संपतचा दगडूवर राग होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर गाठून त्याने दगडूच्या डाव्या बरगडीखाली एक ठोसा मारला. त्या ठोशाने निरोगी माणूस मेला नसता, जबर जखमीही झाला नसता. पण हिवतापाने दगडूची प्लीहा सुजली होती. ती फुटली आणि तो तासाभरात मरण पावला. दगडूला हा आजार आहे, हे संपतला माहीत नव्हतं. ठोसा मारताना दुखापत करण्यापलीकडे त्याचा उद्देश नव्हता. संपतने कोणता अपराध केला?"

आता पर्याय. (अ) खून, कारण झालेली जखम जीव जायला पुरेशी होती. (ब) सदोष मनुष्यवध, कारण आजारी माणसाला मारहाण करून त्याचा मृत्यू लवकर ओढवला, तरी तो घडवला असंच मानतात. (क) हयगयीने मृत्यू, कारण मृत्यूचा उद्देशही नव्हता आणि जाणीवही नव्हती. (ड) इच्छापूर्वक दुखापत, कारण उद्देश आणि जाणीव दोन्ही दुखापतीपुरत्याच होत्या.

उत्तर ड. भारतीय न्याय संहितेचं कलम ११५. पण माझा जीव अडकलाय तो बाकीच्या तिघांत. त्यातला प्रत्येक पर्याय कायद्यातलं एक खरं वाक्य हातात धरून उभा आहे आणि ते वाक्य भलत्या जागी लावतो आहे.

ब घ्या. कलम १०० च्या पहिल्या स्पष्टीकरणात हेच लिहिलंय की, रोगाने पिडलेल्या माणसाला शारीरिक इजा करून त्याचा मृत्यू लवकर घडवला, तर तो मृत्यू घडवला असं मानायचं. स्पष्टीकरण पाठ असलेला विद्यार्थी हमखास इथे येतो. पण ते स्पष्टीकरण मृत्यूच्या कारणापुरतं आहे. संपतने मृत्यू घडवला, एवढंच त्यातून ठरतं. सदोष मनुष्यवध व्हायला त्याशिवाय तीनपैकी एक गोष्ट लागते: मृत्यूचा उद्देश, मृत्यू संभवेल अशा इजेचा उद्देश, किंवा आपल्या कृत्याने मृत्यू संभवतो ही जाणीव. आपल्या मजकुरात त्यातलं काहीच नाही.

अ जरा हुशार पोरांसाठी आहे. विरसा सिंग विरुद्ध पंजाब, १९५८ चा निकाल. जखम नैसर्गिक क्रमाने मृत्यूला पुरेशी होती का, हे वस्तुनिष्ठपणे पाहायचं, आरोपीला ते कळलं होतं का हे विचारायचं नाही. एवढं लक्षात राहतं. त्याच निकालात न्यायमूर्ती विवियन बोस यांनी त्याआधीची पायरी सांगितली आहे: जी जखम झाली, नेमकी तीच करण्याचा उद्देश होता, हे आधी सिद्ध झालं पाहिजे. संपतला ठोसा मारायचा होता, प्लीहा फोडायची नव्हती. पायरी गाळून पुढे गेलेला विद्यार्थी अ वर टिक करतो आणि त्याने नेमकं काय गाळलं ते आपल्याला कळतं.

क सगळ्यात जास्त खपतो. "मारायचं नव्हतं ना, मग हयगय!" पण कलम १०६ बेदरकार किंवा हयगयीच्या कृत्यासाठी आहे. ठरवून, अंगावर मारलेला ठोसा त्यात बसत नाही, मग परिणाम कितीही अनपेक्षित असो.

हे पर्याय सुचतात कुठून? माझी रीत अशी: चुकीचा प्रत्येक पर्याय शेजारच्या एखाद्या प्रश्नाचं बरोबर उत्तर असला पाहिजे. मजकुरातलं एक वाक्य बदलून बघायचं. "आजार माहीत नव्हता" हे काढा आणि लिहा, "आठवड्यापूर्वी संपतच त्याला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेला होता आणि बरगडीखाली मार लागला तर हा दगावेल, असं डॉक्टरांनी दोघांसमोर सांगितलं होतं." ठोसा तोच, मृत्यूही तोच. पण आता कलम १०१ चा दुसरा प्रकार लागतो आणि उत्तर होतं खून. कलमाखालच्या उदाहरणातही रोग माहीत असलेला आणि नसलेला अशी जोडी दिली आहे. एक वाक्य फिरवल्यावर उत्तर फिरत नसेल, तर तुमचा प्रश्न मनोवस्थेवर नाहीच.

इथे लोक एका ठिकाणी घसरतात, म्हणून थोडा थांबतो. मी राग आदल्या दिवशीचा आणि ठोसा दुसऱ्या सकाळचा का ठेवला? दोघांची बांधावर अचानक जुंपली असती, तर खुनाच्या बदललेल्या प्रश्नात चौथा अपवाद उघडतो: पूर्वयोजना नसताना अचानक झालेली मारामारी. मग खून म्हणणाराही बरोबर आणि सदोष मनुष्यवध म्हणणाराही बरोबर. भांडणाने प्रसंग जिवंत वाटतो, म्हणून आपण ते सहज लिहून जातो. अपवाद तपासायचा नसेल, तर त्याचं दार मजकुरातच बंद करा. "जबर जखमीही झाला नसता" हे शब्दही त्याचसाठी आहेत. ते नसते तर कुणीतरी जबर दुखापतीचा वाद घातला असता आणि तो वाद काही फालतू नसता.

पर्यायांची लांबी सारखी ठेवा, एवढं जाता जाता. बरोबर पर्यायात आपण नकळत जास्त अटी घालतो आणि पोरं लांब दिसेल तो पर्याय निवडतात.

काही प्रसंग या साच्यात घालू नयेत, असं माझं मत आहे. उसाला रानडुकरं लागतात म्हणून कुंपणात वीज सोडली आणि रात्री माणूस चिकटला. संडासाकडे घुसणाऱ्यांना अडवायला उघडी तार लावणाऱ्या चेरुबिन ग्रेगरीला सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली हयगयीच्या कलमाखालीच दोषी धरलं होतं. पण त्या कुंपणालगत रोजची पायवाट असेल आणि मालकाला ते माहीत असेल, तर कलम १०५ मधल्या जाणिवेपर्यंत जाता येतं. ही रेघ पुराव्याच्या बारकाव्यावर हलते. चार ओळींत ती पक्की करता येत नाही. असा प्रश्न लेखी परीक्षेत दहा गुणांना विचारा.

आणि चाचणी झाल्यावर पेपर गठ्ठ्यात बांधून ठेवू नका. वरच्या गुणांची पोरं आणि खालची पोरं वेगळी काढून कुणी कोणता पर्याय घेतला ते मोजा. क वर खालची पोरं जास्त असतील, तर क नीट काम करतोय. वरचीच पोरं ब आणि ड मध्ये निम्मी निम्मी वाटली गेली असतील, तर त्यांना दोष देण्याआधी आपला मजकूर पुन्हा वाचा. बहुधा एखादं वाक्य लिहायचं राहिलेलं असतं. कुणीच घेतला नाही असा पर्याय दिसला, तर तो काढून दुसरा बसवा.