गौरीच्या आठवड्याचा ड्युटी चार्ट

ही वही बघा. लांबट रजिस्टर, कडा काळ्या पडलेल्या, आणि प्रत्येक पानावर खोडरबराने घासून घासून कागद पातळ झालाय. माझी वहिनी एका तीस बेडच्या खाजगी हॉस्पिटलमध्ये इन्चार्ज सिस्टर आहे आणि दर आठवड्याचा ड्युटी चार्ट ती या वहीत लावायची. कुणाला कधी सुट्टी हवी ते कळायचं कसं, तर कुणी जिन्यात सांगायचं, कुणी रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅप, कुणी मावशींकडे निरोप ठेवायचं आणि मावशी विसरायच्या.

मग तिने मला सांगितलं, भावजी, तो गूगल फॉर्म का काय असतो तो करून द्या. मी करून दिला, आणि पहिला फॉर्म पार फसला, चूक माझीच. मी विचारलं होतं, "या आठवड्यात कधी जमेल?" आणि खाली एक मोकळा चौकोन. उत्तरं आली ती अशी: शक्यतो मॉर्निंग. बुधवार सोडून कधीपण. मागच्या वेळेसारखंच. आता यातून चार्ट कसा लावणार? नाव पण टाइप करायला ठेवलं होतं, त्यामुळे एकीनेच एकदा पहिलं नाव लिहिलं, एकदा आडनाव, एकदा इंग्रजीत, म्हणजे उत्तरं जमा होतात त्या गूगल शीटमध्ये एकाच बाईच्या तीन बायका झाल्या.

दुसऱ्या फॉर्ममध्ये नाव ड्रॉपडाउनमधून निवडायचं. आणि प्रश्न उलटा केला: कधी जमणारच नाही? खाली चेकबॉक्सची ग्रिड, सात ओळी सात दिवसांच्या, तीन रकाने मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट. जमणार नाही तिथेच टिक, बाकी रिकामं सोडायचं. प्रत्येक ओळीत उत्तर सक्तीचं करायचं बटण असतं ते बंदच ठेवायचं, नाहीतर ज्यांना काही अडचण नाही त्याही उगाच टिक मारतात. आणि त्याखाली वेगळा प्रश्न, "या आठवड्यात एकच गोष्ट हवी असेल तर कोणती?" एकच. न जमणं वेगळं आणि आवडणं वेगळं, दोन्ही एका रकान्यात आलं की सगळ्याच गोष्टी अर्जंट होतात. कारण मात्र विचारलेलं नाही. वहिनी म्हणते, कारण विचारलं की मग कुणाची सासू जास्त आजारी ते मी ठरवत बसायचं का?

फॉर्म सोमवारी जातो, गुरुवारी संध्याकाळी बंद. शीटमध्ये ग्रिडची प्रत्येक ओळ स्वतंत्र कॉलम होते, सोमवार एक कॉलम, मंगळवार एक, आणि आत "मॉर्निंग, नाईट" असं स्वल्पविरामाने. एक लफडं असं की बायका फॉर्म दोनदा भरतात, मंगळवारी एक उत्तर आणि बुधवारी घरी विचारून दुसरं. म्हणून दुसऱ्या टॅबमध्ये दहा नावं लिहून समोर हा फॉर्म्युला:

```
=IFERROR(INDEX(SORT(FILTER('Form Responses 1'!$A$2:$I,'Form Responses 1'!$B$2:$B=$A2),1,FALSE),1,3),"उत्तर नाही")
```

हा त्या नावाचं सगळ्यात शेवटचं उत्तर उचलतो. शेवटचा 3 म्हणजे सोमवारचा कॉलम, मंगळवारसाठी 4, असं पुढे. "उत्तर नाही" महत्त्वाचं आहे, कारण रिकामा चौकोन म्हणजे सगळं जमतंय, आणि फॉर्मच भरला नाही तरी चौकोन रिकामाच दिसला असता. "उत्तर नाही" दिसलं की वहिनी फोन करते, गृहीत धरत नाही.

आता हिशोब. मॉर्निंग आठ ते दोन, तीन सिस्टर. इव्हिनिंग दोन ते आठ, दोन. नाईट आठ ते आठ, दोन. दिवसाला सात, आठवड्याला 49 ड्युट्या. सिस्टर दहा, प्रत्येकीला एक वीकली ऑफ, म्हणजे 60. पण सलग दोन नाईट केल्या की एक नाईट ऑफ द्यावा लागतो आणि असे साधारण सात ऑफ आठवड्यात जातात, उरल्या 53. म्हणजे सगळा मिळून चार ड्युट्यांचा खेळ, आणि त्यात गौरी. मंगळवारी आवाहन, बुधवारी पूजन, गुरुवारी विसर्जन.

प्रत्येक शिफ्टखाली एक आकडा येतो, दहातून नाही म्हणणाऱ्या वजा. बहुतेक ठिकाणी आठ, नऊ, दहा. बुधवार इव्हिनिंगला पाच. आणि बुधवार मॉर्निंगला तीन, कारण नैवेद्याचा स्वयंपाक, सात जणींनी टिक मारलेली. लागतात तीन, आहेत तीन.

वहीत वहिनी सोमवारपासून सुरुवात करायची, सोमवार मॉर्निंग, सोमवार इव्हिनिंग, असं ओळीने. तसं गेलं असतं तर या तिघींपैकी एखादीला मंगळवारी नाईट लागली असती आणि ती बुधवारी सकाळी आठला ड्युटीवरून उतरताना आपल्याला कळलं असतं की मॉर्निंगला माणूसच नाही. म्हणून आता सगळ्यात कमी आकडा असेल तो चौकोन आधी भरायचा. तिघी बुधवार मॉर्निंगला बसल्या, त्याबरोबर त्यांची मंगळवार नाईट लाल झाली, आणि मंगळवार नाईट उरलेल्या सात जणींतून शोधायची आहे हे आधीच दिसलं.

शीटप्रमाणे मंगळवार-बुधवार अशा सलग दोन नाईट त्या सातपैकी कुणालाही चालत होत्या. वहिनीने ते खोडलं. अहो, ती बुधवारी सकाळी घरी जाणार, पुरण वाटणार, हळदीकुंकू करणार, झोप शून्य, आणि रात्री आठला येऊन इंजेक्शनचे डोस मोजणार? फॉर्मवर बुधवार नाईट तिने स्वतःच रिकामी सोडली होती, तरी नाही. मग सोमवार-मंगळवार नाईटची जोडी लावली म्हणजे त्यांचा नाईट ऑफ बरोबर बुधवारी आला, आणि बुधवार-गुरुवार नाईट दुसऱ्या दोघींना. बुधवारी तीन, दोन, दोन आणि नाईट ऑफच्या दोघी, झाल्या नऊ. दहावीला वीकली ऑफ. एकही शिल्लक नाही.

आणि एक गोष्ट जी फॉर्ममधून कळत नाही. बुधवार मॉर्निंगच्या तिघींपैकी एकीने चहा पिता पिता सांगितलं, आमच्याकडे गौरी नसतात म्हणून दरवर्षी आम्हीच का. बरोबर आहे तिचं. फॉर्म खरं उत्तर देणाऱ्यालाच कामाला लावतो. तेव्हा शीटच्या शेवटी एक कॉलम वाढला, सणाची ड्युटी किती वेळा, आणि ज्यांचा आकडा जास्त त्यांची "एकच गोष्ट" पुढच्या आठवड्यात आधी बघायची. नाताळला तर तिघींनी आत्ताच नाव लावून ठेवलंय.

शनिवारी दुपारी चार्ट ग्रुपवर पडतो, वर मोठ्या अक्षरात कच्चा असं लिहून. रविवारी दुपारपर्यंत आपापसात अदलाबदल चालते, फक्त दोघींनी वहिनीला सांगायचं. पहिला मेसेज सात मिनिटांत आला: बुधवारची मॉर्निंग मी हिच्याशी बदलते, ती तयार आहे. वहिनीने चष्मा लावला, बोटाने ओळ धरली. ती तयार होती खरी, पण मंगळवार नाईटलाही तीच होती.

"अगं, रात्रभर जागून परत सकाळी आठला उभी राहणार का ती?"

पलीकडून बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं. मग आलं, बरं सिस्टर, मग मी गुरुवारचं बघते.