फोटोत सायनस, दुखणं मात्र दुसरंच

श्रोतेहो, नमस्कार. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या कान-नाक-घशाच्या ओपीडीत डोकं धरून येणारे पुष्कळ असतात. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात आधीच काढलेला सीटीचा फोटो असतो.

मागं वणीकडच्या एका खेड्यातून एक ताई दिरासोबत आल्या होत्या. बसायच्या आधीच पिशवीतून फिल्म काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "डॉक्टरसाहेब, सायनस भरलं हाय म्हणते. ऑपरेशन करा लागन." रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गालाच्या दोन्ही सायनसमध्ये, म्हणजे हाडातल्या पोकळ्यांमध्ये, आतलं अस्तर जाड झालंय आणि उजव्या बाजूची निचऱ्याची वाट बंद आहे.

मी फिल्म बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, नाक बंद राहते का?" नाही. "पिवळा शेंबूड, घशात मागं उतरणारा कफ?" नाही. "फोडणी करपली तर वास येते?" "येते ना! शेजारच्या घरची बी येते." मग दुखतं कुठं? उजव्या कपाळात ठणकतं, डोळ्यामागं जातं. उन्हात वेचणीला गेलं की सुरू होतं, उपासाच्या दिवशी तर हमखास. मळमळतं, उलटी होते, अंधाऱ्या खोलीत पडून राहावं वाटतं. आणि फोटो काढला तेव्हा? "तवा सर्दी होती जी, आठ दिवसांची."

दुर्बिणीनं नाक पाहिलं. मधल्या फटीत, जिथं सायनसचा निचरा उतरतो, तिथं पू नव्हता, सूजही नव्हती. ताईंना मायग्रेन होता, अर्धशिशी. मायग्रेनची प्रतिबंधक गोळी दिली, वेळेवर जेवायला सांगितलं, उपास सोडायला लावले. उपासाबद्दल माझं मत ठाम आहे. रानात दिवसभर राबणाऱ्या बाईनं उपाशी राहू नये, मग देव कोणताही असो. पुढच्या खेपेला सांगत होत्या, दुखणं आता महिन्यातनं एखाद वेळच येतं.

दाराशी उभा असलेला दीर मात्र तोंडानं श्वास घेत होता. जिनिंगमध्ये कामाला. "मले काई नाई, डोस्कं बी दुखत नाई," म्हणाला. वास येतो का विचारलं, तर दोन वर्षांपासून येत नव्हता. त्याच्या दोन्ही नाकपुड्यांत मांसाचे घोस, म्हणजे पॉलिप होते. पुढं सीटी काढला, तर सगळे सायनस भरलेले. खरा जुनाट सायनस त्याला होता, आणि दुखणं शून्य!

असं का होतं? गालाच्या सायनसचं तोंड खाली नसतं, वर असतं. मोरी छपराजवळ असलेली खोली समजा. आतले बारीक केस चिकट पाणी वर ढकलत त्या तोंडाशी नेतात. तळाशी अस्तर थोडं जाड असलं तरी काही अडत नाही. तोंडाशीच सूज आली तर निचरा थांबतो. म्हणून सूज किती यापेक्षा ती कुठं आणि किती दिवस, हे पाहायचं. सूज हळूहळू वाढली, तर सायनस पूर्ण भरूनही दुखत नाही.

दुसरं, फोटो एका क्षणाचा असतो. 1994 साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी नुकतीच साधी सर्दी झालेल्या 31 जणांचे सीटी काढले. 27 जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बदल दिसले. पुढं 14 जणांचे पुन्हा काढले, त्यातल्या 11 जणांचे अँटिबायोटिकशिवाय सुधारलेले किंवा साफ होते. पुन्हा सांगतो, सर्दीत काढलेल्या फोटोवरून जुना सायनस ठरवायचा नाही.

जुना सायनस म्हणायला 12 आठवडे त्रास हवा. नाक बंद किंवा शेंबूड, यातलं एक हवंच. सोबत यातलंच दुसरं, किंवा चेहऱ्यावर दाब, किंवा वास जाणं. आणि दुर्बिणीत किंवा सीटीत पुरावा हवा. नुसता फोटो पुरत नाही, नुसतं डोकं दुखणंही पुरत नाही. उकळून गार केलेल्या पाण्याची मिठाची धुवण आणि नाकातला स्टिरॉइड फवारा दोन-तीन महिने नेमानं वापरूनही त्रास राहिला, तर सीटी काढा, तोही सर्दी नसताना. मळणीयंत्रावर उभं राहताना नाकातोंडाला दुपट्टा बांधा, हे मी दरवर्षी सांगतो, यंदाही सांगतो.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा पू येत असेल, तर वरची दाढ दाखवा. दाढेचं मूळ सायनसच्या तळाला भिडलेलं असतं, म्हणून किडलेल्या दाढेचा पू तिकडं जातो. आणि डोळा सुजला किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, रात्र काढू नका. नमस्कार.